सार्थकता एका परिच्छेदात, महत्त्व दुसऱ्यात: चर्चा-प्रकरणात परिणामाचा आकार कसा मांडावा

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा परिचर्या या विषयांतला मराठी प्रबंध उघडला की शेवटच्या प्रकरणात बहुधा एक ठरलेले वाक्य भेटते: "प्राप्त टी-मूल्य ०.०५ सार्थकता स्तरावरील कोष्टक-मूल्यापेक्षा अधिक आहे. म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत असून सदर कार्यक्रम परिणामकारक आहे." या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्धही कदाचित बरोबर असेल, पण पूर्वार्धातून तो निघत नाही. मधला 'म्हणून' दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांना चिकटवतो. मिळालेला फरक निव्वळ योगायोगाने येण्याजोगा आहे का, हा पहिला प्रश्न. तो फरक कोणाच्या उपयोगी पडावा इतका मोठा आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकडेमोडीतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्या विषयातल्या जाणकारीतून द्यावे लागते आणि ते लेखकाने स्वतःच्या जबाबदारीवर द्यायचे असते.

हे दोन प्रश्न चर्चेत वेगळे कसे ठेवायचे, हे मी एका खऱ्या अभ्यासाचे आकडे घेऊन पायरीपायरीने दाखवणार आहे. प्रबंधांत नेहमी येणाऱ्या सरासरी गुणांच्या फरकाकडे त्यानंतर वळू.

आधी शब्द निश्चित करा

मराठीत लिहिणाऱ्याची एक खास अडचण आहे. संख्याशास्त्रातील 'सार्थक' या संज्ञेऐवजी पुष्कळदा 'लक्षणीय' हा शब्द वापरला जातो. रोजच्या मराठीत लक्षणीय म्हणजे नजरेत भरण्याइतका मोठा. त्यामुळे 'गुणांत लक्षणीय वाढ झाली' असे वाचणाऱ्या शिक्षकाला वाढ मोठी होती असेच वाटते, मग ती शंभरात एका गुणाची का असेना. माझा नियम सरळ आहे. चाचणीच्या निकालासाठी 'सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक' एवढाच शब्दप्रयोग ठेवावा आणि तो पूर्ण लिहावा. 'लक्षणीय', 'भरीव', 'मोठा', 'परिणामकारक' हे शब्द दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवावेत आणि त्यांचे कारण सांगितल्याशिवाय वापरू नयेत.

उदाहरण: अमेरिकी डॉक्टर आणि अॅस्पिरिन

अमेरिकेत १९८० च्या दशकात 'फिजिशियन्स हेल्थ स्टडी' हा अभ्यास झाला. त्यात ४० ते ८४ वयाचे २२,०७१ पुरुष डॉक्टर होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ११,०३७ जणांनी दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेतले आणि ११,०३४ जणांनी तशीच दिसणारी औषधरहित गोळी, म्हणजे प्लासिबो. सरासरी पाच वर्षांच्या पाहणीनंतरचा अंतिम अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अॅस्पिरिन गटात १३९ जणांना हृदयविकाराचा झटका आला होता, प्लासिबो गटात २३९ जणांना.

योगायोगाचा प्रश्न येथे लगेच निकालात निघतो. अॅस्पिरिनचा काहीच परिणाम नसता तर एवढा फरक दिसण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढे आणखी तीस वर्षे बदलत राहिले, म्हणूनच शिकण्यासाठी हे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते.

पहिली पायरी: फरक मूळ एककात लिहा

कोणतेही सूत्र लावण्यापूर्वी फरक अशा एककात मांडावा, जे त्या क्षेत्रातल्या माणसाला बोटांवर मोजता येईल. येथे ते एकक आहे हजार माणसे आणि पाच वर्षे. प्लासिबो गटात हजारी सुमारे २१.७ जणांना झटका आला, अॅस्पिरिन गटात हजारी सुमारे १२.६ जणांना. फरक हजारी ९ जणांचा, म्हणजे ०.९ टक्के बिंदूंचा. चर्चेतले परिणामाविषयीचे पहिले वाक्य हेच असावे आणि त्यात दोन्ही गटांचे आकडे यावेत, केवळ वजाबाकी नव्हे. 'हजारी ९ ने कमी' हे २२ वरून १३ वर आले की ५०० वरून ४९१ वर, हे कळल्याशिवाय वाचकाला काही ठरवता येत नाही.

टक्के आणि टक्के बिंदू यांतला फरक येथेच सांभाळावा लागतो. २.१७ टक्क्यांवरून १.२६ टक्क्यांवर येणे ही ०.९ टक्के बिंदूंची घट आहे. प्रमाणात मोजली तर तीच घट ४२ टक्क्यांची होते. मसुद्यात नुसते 'टक्के घट' असे आले की वाचक दोन्हींपैकी कोणताही अर्थ घेऊ शकतो आणि बहुतेक जण मोठा अर्थ घेतात.

दुसरी पायरी: एकाच परिणामाचे वेगवेगळे पोशाख ओळखा

हे १३९ आणि २३९ निदान चार प्रकारे मांडता येतात, आणि चारही बरोबर आहेत. सापेक्ष जोखीम सुमारे ०.५८, म्हणजे झटक्यांत ४२ टक्के घट (वयाचा हिशेब धरून अहवालाने ही घट ४४ टक्के सांगितली). निरपेक्ष जोखमीतला फरक ०.९ टक्के बिंदू. हाच फरक उलटा केला, म्हणजे १ ला ०.००९०७ ने भागले, तर उत्तर ११० येते: एकाचा झटका टाळण्यासाठी ११० जणांनी पाच वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. चौथा प्रकार सहसंबंधाचा. गोळी आणि झटका यांच्यातला सहसंबंध गुणांक ०.०३५ इतका येतो. त्याचा वर्ग केला तर गोळीने झटक्यांतील विचरणाचा जेमतेम ०.१२ टक्के भाग स्पष्ट होतो.

४४ टक्के वाचून औषध चमत्कारी वाटते, ०.१२ टक्के वाचून निरुपयोगी. चर्चा लिहिणाऱ्याचा हात येथे नकळत घसरतो: निष्कर्ष उचलून धरायचा असला की सापेक्ष घट पुढे येते, आणि दुसऱ्याच्या अभ्यासावर टीका करायची असली की विचरणाची टक्केवारी. यावर उपाय असा की निरपेक्ष फरक नेहमी पहिला यावा आणि सापेक्ष आकडा दिला तर तो त्याच वाक्यात मूळ जोखमीसह द्यावा. विचरणाची टक्केवारी होय-नाही स्वरूपाच्या विरळ घटनांसाठी वापरूच नये. झटका मुळातच शंभरात दोघांना येत असेल, तर अगदी प्रभावी उपायाचाही सहसंबंध लहानच दिसणार. तो लहानपणा घटनेच्या विरळपणातून येतो, उपायाच्या दुबळेपणातून नव्हे.

तिसरी पायरी: अंतरालाची दोन्ही टोके वाचा

हजारी ९ हा अंदाज आहे. खरा फरक त्याच्या आसपास कोठे असू शकेल, हे ९५ टक्के विश्वास-अंतराल सांगतो. 'आर' या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेत तो एका ओळीत मिळतो.

```r
prop.test(c(139, 239), c(11037, 11034), correct = FALSE)
```

उत्तरात येणारा अंतराल साधारण −०.०१२५ ते −०.००५६ असा आहे. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की पहिल्या गटात, म्हणजे अॅस्पिरिन घेणाऱ्यांत, प्रमाण कमी आहे. हजारीत सांगायचे तर फायदा कमीत कमी साडेपाच आणि जास्तीत जास्त साडेबारा झटक्यांचा. एक झटका टाळण्यासाठी लागणाऱ्या माणसांत सांगायचे तर सुमारे ८० ते १७७.

बहुतेक प्रबंधांत अंतराल छापलेला असतो, पण त्याचा उपयोग एकाच गोष्टीसाठी केलेला दिसतो: त्यात शून्य आहे की नाही. ते तर पी-मूल्याने आधीच सांगितलेले असते. अंतरालाचा खरा उपयोग महत्त्वाच्या चर्चेत आहे. आधी प्रतिकूल टोकाकडे पाहावे आणि स्वतःला विचारावे: खरा फायदा हजारी साडेपाचच असेल, तरी मी हेच म्हणेन का? मग अनुकूल टोकाकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच आले, तर महत्त्वाविषयी ठाम लिहिता येते. उत्तरे वेगळी आली, तर आकडा सार्थक असूनही महत्त्व अनिश्चित आहे असे लिहावे लागते. त्यात कमीपणा काही नाही.

या अभ्यासात आणखी एक सावधगिरी हवी. अॅस्पिरिनचा भाग फायदा दिसल्यामुळे ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आला होता. असे थांबवलेले अभ्यास परिणाम थोडा फुगवून दाखवण्याकडे झुकतात, म्हणून प्रतिकूल टोकाला अधिक वजन देणे शहाणपणाचे.

चौथी पायरी: दुसरे पारडे मांडा, आणि ०.०६ ला 'फरक नाही' म्हणू नका

व्यवहारातले महत्त्व एका पारड्यात मोजता येत नाही. अॅस्पिरिन रक्त सहज गोठू देत नाही. झटका टळतो तो त्याच कारणाने आणि रक्तस्राव वाढतो तोही त्याच कारणाने. या अभ्यासात मेंदूतील रक्तस्रावामुळे होणारा पक्षाघात अॅस्पिरिन गटात २३ जणांना झाला, प्लासिबो गटात १२ जणांना. अहवालातील पी-मूल्य ०.०६ होते.

येथे दोन चुका समोर उभ्या असतात. रूढ वाक्य असे होईल: "पक्षाघाताबाबत दोन्ही गटांत सार्थक फरक आढळला नाही, म्हणजेच औषध सुरक्षित आहे." ही पहिली चूक. हजारी हिशेबात हा फरक एका जास्तीच्या पक्षाघाताचा आहे आणि त्याचा अंतराल जवळजवळ शून्यापासून दोनापर्यंत पसरतो. म्हणजे या माहितीशी 'काहीच धोका नाही' हेही सुसंगत आहे आणि 'हजारी दोन जादा' हेही. हजारी दोन हा आकडा फायद्याच्या साडेपाच या प्रतिकूल टोकाशेजारी ठेवून पाहिला की तो दुर्लक्षून चालणार नाही हे उघड होते. फरक सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक नसला, तरी व्यवहारात त्याचे महत्त्व असू शकते, ते असे.

दुसरी चूक उलट्या दिशेची. अहवालातला सापेक्ष आकडा पाहिला तर धोका दुपटीहून अधिक, २.१४ पट. नुसते 'अॅस्पिरिनने पक्षाघात दुप्पट' असे लिहिणे ही फायद्यासाठी नाकारलेली युक्ती तोट्यासाठी वापरणे झाले. दोन्ही पारडी एकाच मापाने, म्हणजे हजारी आणि पाच वर्षांत, मोजली तरच तुलना प्रामाणिक राहते.

मोजमाप सारखे झाले तरी एक झटका म्हणजे एक पक्षाघात असे होत नाही. कोणते किती गंभीर, हे ठरवणे संख्याशास्त्राच्या बाहेरचे काम आहे. याच अभ्यासात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झालेले एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, ही गोष्टही याच पारड्याशेजारी सांगायला हवी. मोठा फायदा आणि मृत्यूंत घट नाही हे दोन्ही एकाच अभ्यासात आहेत. केवळ पहिले सांगणारी चर्चा अर्धी आहे.

पाचवी पायरी: दोन परिच्छेद लिहा

आता लिहायला बसावे. पहिल्या परिच्छेदात केवळ निष्पन्न आणि त्याची अनिश्चितता यावी. मूल्यमापनाचा एकही शब्द त्यात नको. नमुना असा:

> "अॅस्पिरिन गटातील ११,०३७ पैकी १३९ (१.२६ टक्के) आणि प्लासिबो गटातील ११,०३४ पैकी २३९ (२.१७ टक्के) सहभागींना हृदयविकाराचा झटका आला. जोखमीतील फरक ०.९१ टक्के बिंदू होता (९५ टक्के विश्वास-अंतराल ०.५६ ते १.२५) आणि तो सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक होता. मेंदूतील रक्तस्रावजन्य पक्षाघात अनुक्रमे २३ आणि १२ सहभागींना झाला. या फरकाचे पी-मूल्य ०.०६ होते आणि उपलब्ध माहितीवरून धोक्यातील वाढ नाकारता येत नाही."

दुसऱ्या परिच्छेदात महत्त्व, आणि त्याची सुरुवात निकषाने:

> "पाच वर्षांत हजारी पाच किंवा अधिक झटके टळत असतील तर स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या औषधाचा विचार करण्याजोगा आहे, असा निकष आम्ही धरला. अंदाज (हजारी ९) आणि अंतरालाचे प्रतिकूल टोक (हजारी ५.६) दोन्ही या निकषाच्या वर आहेत. तथापि हजारी दोनपर्यंतचा पक्षाघाताचा संभाव्य धोका आणि हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या एकूण मृत्यूंत घट न दिसणे लक्षात घेता, झटक्याची जोखीम मुळात कमी असलेल्या व्यक्तींसाठी हा फायदा पुरेसा आहे असे आम्ही म्हणत नाही."

यातला हजारी पाच हा निकष मी नमुन्यासाठी धरला आहे. मूळ अहवालात तो नाही. वाचकाला तो पटणार नाही असेही होईल. पण निकष लिहिलेला आहे म्हणून त्याला स्वतःचा निकष लावून वेगळ्या निष्कर्षाला येता येते. निकष न लिहिता 'महत्त्वपूर्ण फायदा' असे लिहिले असते, तर त्याच्या हाती काहीच उरले नसते.

निकष निकाल पाहण्यापूर्वी ठरवलेला असावा. निकाल हाती आल्यावर ठरवलेला निकष मिळालेल्या आकड्याच्या किंचित खाली येऊन बसतो, हे मी पुष्कळ मसुद्यांत पाहिले आहे. आधी ठरवायचे राहून गेले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि दोन-तीन वेगवेगळे निकष लावून निष्कर्ष कोठे बदलतो ते दाखवावे.

सहावी पायरी: कोणासाठी महत्त्वाचे, ते सांगा

सापेक्ष परिणाम एका लोकसमूहातून दुसऱ्यात बऱ्यापैकी टिकतो. निरपेक्ष परिणाम टिकत नाही. तो मूळ जोखमीवर अवलंबून असतो. या अभ्यासातले डॉक्टर निवडक आणि बऱ्यापैकी निरोगी पुरुष होते आणि झटक्यांतली घट पन्नाशी ओलांडलेल्यांतच दिसली होती. महत्त्वाचे विधान म्हणूनच 'अॅस्पिरिन उपयुक्त आहे' असे न करता 'अशा लोकांत, एवढ्या मूळ जोखमीवर' असे करावे लागते.

पुढे काय झाले ते पाहा. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ ज्येष्ठांवरचा 'अॅस्प्री' अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक सत्तरीपुढचे होते आणि त्यांतला एक गट रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेत होता, दुसरा प्लासिबो. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण हजार व्यक्ती-वर्षांमागे अॅस्पिरिन गटात १०.७ आणि प्लासिबो गटात ११.३ इतके जवळजवळ सारखे निघाले. गंभीर रक्तस्राव मात्र ३.८ टक्के विरुद्ध २.८ टक्के, म्हणजे हजारी १० ने जास्त. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने, साठी ओलांडलेल्यांनी पहिला झटका टाळण्यासाठी अॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. ज्यांना झटका आधीच येऊन गेला आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि ती शिफारस त्यांच्यासाठी नाही.

१९८९ चे पी-मूल्य यामुळे बदलले नाही. १३९ आणि २३९ आजही तेच आहेत. बदलले ते दुसऱ्या परिच्छेदातले सारे: मूळ जोखीम, उपलब्ध पर्यायी उपचार, दुसऱ्या पारड्याचे वजन. हे दोन परिच्छेद वेगळे लिहिलेले असले की पहिला जसाच्या तसा राहू शकतो आणि दुसरा नव्या माहितीने सुधारता येतो.

सरासरी गुणांचा फरक: प्रबंधातले नेहमीचे प्रकरण

आता दोन काल्पनिक प्रयोग घेऊ. दोन्हींत शंभर गुणांची चाचणी आहे आणि गुणांचे प्रमाण विचलन १२ आहे. प्रयोगापूर्वी संशोधकाने तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारले: "सरासरी किती गुणांनी वाढली तर तुम्ही आठवड्यातले दोन तास या पद्धतीला द्याल?" उत्तरांवरून पाच गुण हा निकष ठरला. निकष ठरवण्याची याहून साधी आणि चांगली रीत मला माहीत नाही.

पहिल्या प्रयोगात प्रत्येक गटात १,२०० विद्यार्थी आहेत. सरासरीतील फरक १.२ गुण, टी-मूल्य सुमारे २.४५, पी-मूल्य ०.०१४. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला. विश्वास-अंतराल ०.२ ते २.२ गुण. येथे लिहायचे ते असे: फरक सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक आहे, परंतु अंतरालाचे वरचे टोकही पाच गुणांच्या बरेच खाली असल्याने, ठरवलेल्या निकषानुसार हा फरक व्यवहारात लहान आहे, आणि तो लहान आहे हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. (विद्यार्थ्यांऐवजी अख्ख्या शाळा किंवा तुकड्या गटांत वाटल्या असतील तर हे अंतराल चुकीचे ठरतात. एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून खरी अनिश्चितता अधिक निघते. हा हिशेब आधी दुरुस्त करावा, मग महत्त्वाकडे वळावे.)

दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक गटात २० विद्यार्थी. फरक ६ गुण, टी-मूल्य सुमारे १.५८, पी-मूल्य ०.१२. शून्य परिकल्पनेचा त्याग होत नाही आणि रूढ प्रबंधात 'पद्धत परिणामकारक नाही' असे वाक्य येते. अंतराल मात्र −१.७ ते १३.७ गुण आहे. त्यात शून्य आहे, पाच आहेत आणि बाराही आहेत. येथे खरे विधान असे: अंदाज निकषाच्या वर आहे, पण या नमुन्यावरून पद्धत निरुपयोगी आहे की अतिशय उपयोगी, हे ठरत नाही. 'परिणाम नाही' आणि 'परिणाम ठरवता आला नाही' ही दोन विधाने मराठीत सहज वेगळी लिहिता येतात. ती वेगळीच लिहावीत.

आता कोहेनच्या डी-मूल्याविषयी. सरासरीतील फरकाला प्रमाण विचलनाने भागले की ते मिळते: पहिल्या प्रयोगात ०.१, दुसऱ्यात ०.५. जेकब कोहेन यांनी ०.२ ला लहान, ०.५ ला मध्यम आणि ०.८ ला मोठा असे ढोबळ संकेत दिले, आणि क्षेत्रातील दुसरा चांगला आधार नसेल तेव्हाच ते वापरावेत असा इशाराही त्यांनीच दिला. प्रबंधांत संकेत आले, इशारा गळाला. 'डी-मूल्य ०.५ आहे, म्हणजे परिणाम मध्यम आहे' हे वाक्य महत्त्वाचे विधान केल्याचा आभास देते. प्रत्यक्षात त्यात एका आकड्याला दुसरे नाव दिलेले असते. डी-मूल्य जरूर द्यावे, कारण वेगवेगळ्या चाचण्या वापरणाऱ्या अभ्यासांची तुलना त्यानेच होते. ते पहिल्या परिच्छेदात द्यावे आणि कोणत्या विचलनाने भागले तेही लिहावे. त्याच विद्यार्थ्यांच्या पूर्व आणि उत्तर चाचणीतील वाढीला वाढीच्याच विचलनाने भागले, तर ते विचलन पुष्कळदा लहान असल्याने डी-मूल्य फुगते, आणि दोन स्वतंत्र गटांच्या डी-मूल्याशी त्याची तुलना होत नाही.

सरासरीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. १.२ गुणांची सरासरी वाढ सगळ्यांना सव्वा गुण मिळाल्याने होऊ शकते आणि काठावरच्या थोड्या मुलांना बरेच गुण मिळाल्यानेही. उत्तीर्णतेची रेषा ३५ वर असेल, तर दुसऱ्या प्रकारात तीच लहान सरासरी काही मुलांसाठी मोठी ठरते. म्हणून सरासरीबरोबर प्रत्येक गटात ३५ च्या खाली किती जण राहिले, ते मोजून लिहावे. ही मोजणी विश्लेषणाच्या आराखड्यात आधीच असावी. सरासरीतून काही निघाले नाही म्हणून शोधलेल्या रेषेला पुरावा मानता येत नाही.

मसुदा तपासताना

चर्चा लिहून झाली की तिच्यातले प्रत्येक 'म्हणून' शोधावे. त्याच्या डाव्या बाजूला पी-मूल्य, टी-मूल्य किंवा सार्थकता स्तर आहे आणि उजव्या बाजूला उपयुक्तता, परिणामकारकता किंवा शिफारस आहे, असे दिसले की वाक्य तेथेच तोडावे. मग पी-मूल्ये झाकून दुसरा परिच्छेद वाचावा. ती नसतानाही युक्तिवाद उभा राहिला, तर महत्त्व खरोखर स्वतंत्रपणे मांडले गेले आहे. शेवटी सारांश आणि शिफारशी वाचाव्यात, कारण चर्चेत नीट सांभाळलेला भेद तेथे हटकून विस्कटतो. चर्चेतले 'सार्थक पण लहान' सारांशात येईपर्यंत नुसते 'सार्थक' होते आणि शिफारशीत 'सर्व शाळांत राबवावे' होऊन बसते.

एका ठिकाणी मात्र ही सगळी रीत अडते: अभिवृत्ती-मापिकेसारखी साधने, ज्यांच्या गुणांना व्यवहारात एकक नाही. १५० पैकी ३.२ गुणांची वाढ म्हणजे नेमके काय वाढले, हे ना शिक्षक सांगू शकत, ना मापिका तयार करणारा. अशा वेळी निकष बाहेरून आणावा लागतो. ज्या सहभागींनी स्वतः 'माझ्या वागण्यात बदल झाला' असे सांगितले, त्यांचे गुण सरासरी कितीने वाढले ते पाहून त्याच्याशी तुलना करता येते, किंवा गुणांसोबत एखादे प्रत्यक्ष वर्तन, जसे महिन्याची हजेरी, मोजता येते. यातले काहीच गोळा केलेले नसेल, तर डी-मूल्याच्या संकेतांनी ती जागा भरू नये. परिणामाचा आकार आणि अंतराल द्यावा आणि दुसऱ्या परिच्छेदात लिहावे: "या मापिकेवरील ३.२ गुणांच्या वाढीचे व्यवहारातील महत्त्व प्रस्तुत अभ्यासातील माहितीवरून ठरवता येत नाही."